तीन मुलांचा फरक आणि रात्रीचे पावणेअकरा

*ताई, मी आठवीला गणित शिकवते. नोकरीला १४ वर्षं झाली. या सहामाहीत माझ्या वर्गाचा निकाल गेल्या वर्षीच्या ९२ टक्क्यांवरून ८४ वर आला आणि बैठकीत सगळ्यांसमोर मला कारण विचारलं. वर्गात ३८ मुलं आहेत, गेल्या वर्षीही तेवढीच होती. त्याच आठवड्यात एका आईने रात्री पावणेअकराला पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘उत्तर बरोबर असूनही दोन गुण कापले. मॅडमना नीट तपासायला तरी वेळ आहे का?’ उत्तर बरोबर होतं, पायऱ्या लिहिल्या नव्हत्या. मी तिथेच लांबलचक खुलासा केला, मग आणखी सात-आठ पालक सुरू झाले. मुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, ‘पालकांना जरा सांभाळून घ्या.’ तपासायला वेळ नसतो हे खरंच आहे, कारण रोज रात्री मी नोंदी आणि अहवाल भरत बसते. रविवारी दुपारपासून पोटात गोळा येतो. आता वर्गात तो मुलगा दिसला की आधी त्याच्या आईचा मेसेज आठवतो. मी पूर्वीसारखी खंबीर राहिले नाही का? राजीनामा लिहून ठेवलाय. देऊ का?*

*एक शिक्षिका*

नमस्कार बाई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. निकालाच्या नाही आणि राजीनाम्याच्याही नाही. तो मुलगा दिसला की आईचा मेसेज आठवतो, ते वाक्य.

क्रिस्टिना मास्लाक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ १९७०च्या दशकापासून माणसांशी रोज संबंध येणाऱ्या नोकऱ्यांमधल्या थकव्याचा अभ्यास करत आल्या आहेत. त्यांनी या थकव्याची तीन अंगं सांगितली. पहिलं म्हणजे आतून रिकामं वाटणं, ते सगळ्यांना कळतं. आपल्या कामाने काहीच होत नाही असं वाटू लागणं हे आणखी एक. या दोन्हींच्या मध्ये एक अंग गुपचूप येऊन बसतं. समोरचं माणूस माणसासारखं दिसेनासं होतं, ते ‘प्रकरण’ होतं, डोक्याला ताप होतो. शिक्षकाच्या बाबतीत ते माणूस म्हणजे मूल. तुम्हाला ही गोष्ट स्वतःच्या लक्षात आली, खटकली आणि तुम्ही ती लिहिलीत, म्हणजे अजून फार उशीर झालेला नाही.

खंबीरपणाचं म्हणाल, तर तो प्रश्न मला चुकीच्या पत्त्यावर गेलेला वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या थकव्याची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या ताणाचं नीट व्यवस्थापन न झाल्याने उद्भवणारी स्थिती, असं म्हटलं. व्याख्येतच ‘कामाचं ठिकाण’ आहे. म्हणून आपण आधी ते ठिकाण तपासू. तुमच्या स्वभावाचं नंतर बघता येईल, आणि मला वाटतं तशी वेळ यायची नाही.

आधी निकाल, कारण तो हिशोबाचा भाग आहे आणि तुम्ही गणिताच्या आहात. बैठकीत तुम्हाला टक्के दाखवले. ते जरा मुलांमध्ये मोजा. ३८ पैकी ३५ पास म्हणजे ९२ टक्के. ३८ पैकी ३२ पास म्हणजे ८४. तीन मुलं! आठ टक्के घसरण ऐकली की पोटात खड्डा पडतो, पण ‘तीन मुलं कमी पास झाली’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो, कोणती तीन?

आता असं धरा, की तुमचं शिकवणं दोन्ही वर्षी अगदी सारखं होतं आणि साधारण ३३-३४ मुलं पास व्हावीत अशी दोन्ही वर्गांची तयारी होती. तरीही प्रत्यक्ष आकडा तिथेच थांबत नाही. एखाद्याला त्या दिवशी ताप असतो, कुणाच्या घरात भांडण झालेलं असतं, कुणाला नेमका पाठ असलेला प्रश्न येतो. ३८च्या वर्गात एवढ्यानेच दोन मुलं इकडची तिकडे होतात. लागोपाठच्या दोन वर्षांत तीन किंवा जास्त मुलांचा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता तीनात एकाहून थोडी जास्तच निघते. शिवाय गेल्या वर्षीचे ९२ हे तुमचं नेहमीचं वर्ष होतं की विशेष चांगलं? चांगल्या वर्षानंतरचं साधं वर्ष नेहमी घसरण म्हणूनच दिसतं. मागच्या पाच वर्षांचे आकडे टक्क्यांत नाही, मुलांच्या संख्येत एका कागदावर उतरवून काढा. ते वरखाली होत असतील तर बैठकीत तोच कागद ठेवा. तीन वर्षं सलग उतार दिसत असेल, किंवा त्याच वर्गाचा इतर विषयांचा निकाल जागेवर असताना एकटं गणित खाली आलं असेल, तर मात्र योगायोग म्हणून सोडून देऊ नका. तिथे शोधण्यासारखं काहीतरी आहे.

शोधायचं कसं, ते माझ्या अनुभवातून सांगते. मी शिकवत असताना एका वर्षी माझी सहा मुलं गणितात नापास झाली. तुमचीही यंदा सहाच आहेत. मी त्या सहा उत्तरपत्रिका जमिनीवर मांडल्या आणि एका कागदावर आडवे प्रश्न, उभी नावं असा तक्ता केला. चुकलं तिथे फुली, सोडूनच दिलं तिथे गोल. तासभर लागला. फुल्या सगळीकडे विखुरलेल्या होत्या, पण गोल मात्र एकाच पट्ट्यात आले. शाब्दिक उदाहरणं सहापैकी पाच जणांनी हातच न लावता सोडली होती. त्यांना बोलावून उदाहरण मोठ्याने वाचायला लावलं, तेव्हा कळलं की त्यांचं घोडं वाचनातच अडत होतं. आकडेमोड त्यांना येत होती. मी जादा तास घेऊन तीच आकडेमोड पुन्हा घोटून घेतली असती, तर त्यांचा वेळ गेला असता आणि माझा घसा. तुमच्या तक्त्यात दुसरंच काही निघेल. पण पुढच्या बैठकीत ‘कारण काय?’ या प्रश्नाला ‘मी कमी पडले’ यापेक्षा हा तक्ता बरं उत्तर देईल.

आता पावणेअकराचा मेसेज. इथे मी तुम्हाला जरा अडचणीचा प्रश्न विचारणार आहे, रागावू नका. पायऱ्यांना स्वतंत्र गुण आहेत हे मुलांना परीक्षेआधी ठाऊक होतं का? तुम्ही सांगितलं असेलच, पण उदाहरण दाखवून सांगितलं होतं का, की ‘पायऱ्या नीट लिहा रे’ एवढंच? पाच गुणांच्या उदाहरणात मांडणीला किती, पायऱ्यांना किती, उत्तराला किती, हे मुलांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहिलं होतं का? नसेल, तर त्या आई चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, चुकीच्या शब्दांत बोलल्या, पण अगदीच चूक बोलल्या नाहीत. गुण बदला असं मी म्हणत नाही. पुढच्या चाचणीआधी एक सोडवलेलं उदाहरण गुणांसकट फळ्यावर लिहा आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा. गुणांबद्दलच्या तक्रारी पुष्कळदा एवढ्यानेच कमी होतात. कारण तपासणीची पद्धत घरी माहीतच नसते. घरी दिसतं ते फक्त बरोबर उत्तर आणि त्याच्यावरची लाल रेघ.

ग्रुपवर खुलासा करणं ही मात्र चूक होती, आणि ती आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने एकदा केलेली आहे. खुलासा जितका लांब, तितक्या त्यात पकडायला जागा. शिवाय ग्रुपवर त्या एका आईशी बोलणं होतच नाही. ते बघ्यांसमोरचं बोलणं होतं आणि मग दोन्ही बाजूंना माघार घेता येत नाही. यापुढे तिथे फक्त एवढंच लिहा, आणि तेही सकाळी शाळेत पोचल्यावर: ‘तुमचा मेसेज वाचला. उत्तरपत्रिका समोर ठेवून बोलू. उद्या शाळा सुटल्यावर २० मिनिटं देऊ शकते, चालेल का?’ कारण नको, माफी नको, टोमणा तर नकोच.

भेटीत उत्तरपत्रिका आधीच काढून ठेवा. टेबलाच्या समोरासमोर बसू नका, एकाच बाजूला बसा, म्हणजे दोघींची नजर कागदावर राहील. पहिलं वाक्य तुमचं असू द्या, पण ते उत्तराचं नको, प्रश्नाचं हवं: ‘पेपर घरी आल्यावर काय झालं?’ मग त्यांचं पूर्ण होईपर्यंत बोलू नका. हे फार अवघड जातं, आपल्याला वाक्य पुरं करून द्यायची सवय असते. त्यांचेच शब्द वहीत लिहा आणि वाचून दाखवा: ‘तुमचं म्हणणं असं, की उत्तर बरोबर असूनही गुण कापले आणि त्याला कारण कळलं नाही. बरोबर?’ आपलं म्हणणं जसंच्या तसं ऐकू आलं की आवाजाची पट्टी बहुतेक वेळा खाली येते.

तक्रारीच्या पोटात बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट असते. कधी माहिती हवी असते, कधी काहीतरी बदलून हवं असतं, आणि कधी नुसती भीती असते. माहिती द्यायची. बदलून हवं असेल तर पडताळायचं. तुमची बेरीज किंवा तपासणी चुकली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची आणि ‘माझ्याकडून राहिलं’ असं सरळ म्हणायचं. त्याने मान जात नाही, मी करून पाहिलंय. चूक नसेल तर गुणांची विभागणी दाखवायची आणि गुण तेच ठेवायचे. मोठ्या आवाजासाठी एकदा गुण वाढवलेत की उरलेल्या ३७ घरांना तुम्ही काय सांगणार?

भीतीचं प्रकरण वेगळं असतं. असल्याच दोन गुणांवरून माझ्याशी वर्गाच्या दारात भांडलेल्या एक आई होत्या. खुर्चीवर बसवून ‘घरी काय झालं’ विचारलं, तर दहाव्या मिनिटाला कळलं की पेपर बघून वडिलांनी मुलाला ‘तू कशाच्याच लायकीचा नाहीस’ म्हटलं होतं आणि पोरगं जेवलं नव्हतं. मग आमचं ठरलं ते एवढंच, की तीन आठवडे रोज एक उदाहरण तो पायऱ्यांसकट सोडवेल आणि वडील त्यावर फक्त सही करतील, शेरा मारणार नाहीत. गुणांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. सगळ्याच भेटी अशा गोड संपतात असं नाही. आवाज चढला, अपमान सुरू झाला तर उठून उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘आपण इथे थांबू. पुढचं बोलणं मुख्याध्यापिकांसमोर करू.’ धमकी आली तर त्या पालकांना पुन्हा एकटीने भेटायचंच नाही.

भेट झाली की त्याच दिवशी चार ओळी लिहा: तारीख, तक्रार, काय दाखवलं, काय ठरलं. एक प्रत मुख्याध्यापिकांना द्या. (होय, आणखी एक कागद! पण हा तुमच्या बाजूने बोलणारा आहे.) ‘सांभाळून घ्या’ या सल्ल्यात कुणी काय करायचं तेच नाही. म्हणून त्यांच्याकडून दोन गोष्टी स्पष्ट मागून घ्या: ग्रुपवर तक्रार आली तर पहिलं उत्तर शाळेच्या नावाने जाईल, आणि शाळेच्या वेळेनंतर आलेल्या मेसेजला शिक्षक दुसऱ्या दिवशी उत्तर देतील. हा नियम शाळेने पालकांना कळवायला हवा. तुम्ही एकटीने पाळलात तर तो उद्धटपणा ठरतो, शाळेने पाळला की पद्धत होते.

नोंदी आणि अहवालांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे, कारण मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. मुख्याध्यापिका असताना एका शिक्षिकेने मला दोन आठवड्यांची वही आणून दिली. प्रत्येक कागदापुढे तिने तीन गोष्टी लिहिल्या होत्या: किती मिनिटं लागली, कुणी मागितला, तीच माहिती आणखी कुठे भरली. मुलांची हजेरी चार ठिकाणी भरली जात होती. त्यातला एक साप्ताहिक तक्ता मी स्वतः कधीतरी एका तपासणीपुरता सुरू केला होता आणि नंतर तो उघडूनही पाहिला नव्हता. ती वही पाहून मला लाज वाटली. तिने मागणं फार हुशारीने मांडलं होतं. ‘काम कमी करा’ असं ती म्हणाली नाही. तिने विचारलं, ‘या दोन तक्त्यांत सारखीच माहिती आहे, कोणता चालू ठेवू?’ या प्रश्नाला ‘दोन्ही’ असं उत्तर देणं कुठल्याही मुख्याध्यापकाला जड जातं. तुम्ही अशी वही ठेवा, जमलं तर आणखी दोघी-तिघींना बरोबर घ्या, म्हणजे ते एका शिक्षिकेचं रडगाणं ठरणार नाही. वरून आलेले काही कागद मुख्याध्यापिकांच्याही हातात नसतात. ते विचारल्यापुरतेच भरायचे, सुवाच्य अक्षरात निबंध लिहायचे नाहीत.

वह्या तपासण्याचा वेळही थोडा वाचवता येईल. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. आपण रात्री जागून गुणही देतो आणि खाली तीन ओळीही लिहितो, मुलं गुण बघून वही मिटतात. परीक्षेत गुण द्यावेच लागतात. पण रोजच्या वहीत आळीपाळीने दहा वह्यांवर एक नेमका शेरा आणि बाकीच्यांची उत्तरं वर्गात मुलांनीच पडताळायची, असं करून बघा. शाळेचा ‘प्रत्येक पानावर सही’ असा दंडक असेल तर आधी विचारून घ्या.

राहिला राजीनामा. त्यात तारीख घातली असेल तर ती खोडा आणि कागद कपाटात ठेवा, फाडू नका. तो तिथे आहे या जाणिवेनेही थोडा श्वास मिळतो. बैठकीत बोलणी खाल्ल्याच्या महिन्यात मात्र हा निर्णय घेऊ नका. आधी पाच वर्षांचा कागद, सहा उत्तरपत्रिकांचा तक्ता आणि दोन आठवड्यांची वही घेऊन मुख्याध्यापिकांकडे अर्धा तास मागा. त्यांनी एकही गोष्ट हलवली तर पुढची सहामाही बघा. सगळं ऐकून त्या पुन्हा ‘सांभाळून घ्या’ एवढंच म्हणाल्या, तर दुसरी शाळा शोधायला लागा. त्याला पळ काढणं म्हणत नाहीत. शाळा सोडणं आणि शिकवणं सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या पत्रात त्या एक झाल्यात.

पोटातल्या गोळ्याकडेही बघायला हवं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप मोडत असेल, भूक गेली असेल, वर्गात जाण्याआधी छाती धडधडत असेल किंवा रडू येत असेल, तर हे कागद-तक्ते पुरे पडणार नाहीत. डॉक्टरांना दाखवा आणि ‘अॅसिडिटी आहे’ म्हणून थांबू नका, रविवारचंही सांगा. जगणंच नको असा विचार एकदा जरी आला, तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. तेव्हा रजेचा अर्ज नंतर दिला तरी चालतो.

आणि तो मुलगा. माझा अंदाज आहे की त्याची वही हल्ली तुम्ही गठ्ठ्याच्या तळाशी सारता. उद्या ती पहिली घ्या. त्याने पायऱ्या का लिहिल्या नाहीत, हे त्यालाच विचारा. कदाचित तो त्या मनात करत असेल.